कोथरूड ते बेंगळुरू शिफ्टिंग: तीन कोटेशन्स, तीन आकडे, तुलना करायची कशी?

प्रश्न: आम्ही कोथरूडहून बेंगळुरूला व्हाईटफील्डला शिफ्ट होतोय, टू बीएचके घर आहे. तीन पॅकर्स मूव्हर्सची कोटेशन्स आलीत, 24,000, 38,500 आणि 46,000. पहिल्याने फोनवरच दिलं, 14 फुटी गाडीत सगळं बसेल म्हणाला, इन्शुरन्स 3 टक्के वेगळा, आणि कोटेशनवर खाली "400 सीएफटीपर्यंत" असं लिहिलंय त्याचा अर्थ कळला नाही. दुसऱ्याचा माणूस घर बघून गेला, त्याने 540 सीएफटी लिहिलंय, ऍक्टिव्हाचे 4,500 वेगळे, विमा दीड टक्का. तिसरा म्हणतो 17 फुटी गाडी फक्त तुमचीच, इन्शुरन्स फ्री. जीएसटी तिघांचं वेगळं. सामान असं: क्वीन बेड, दिवाण, दोन गाद्या, 3+1+1 सोफा, लोखंडी कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, चौघांचं डायनिंग, 43 इंची टीव्ही, एक एसी, टेबल-खुर्ची, ऍक्टिव्हा आणि बाकी खोकी. एवढा फरक कसा? कोणाला हो म्हणू?

उत्तर:

ताई, मी या धंद्यात सतरा वर्षं आहे, सुरुवात हमालांबरोबर गाडीत खोकी लावण्यापासून केली, आता सर्व्हे आणि कोटेशनचं काम बघतो. तुमच्या तिन्ही कोटेशनमधल्या कुणालाही मी ओळखत नाही, त्यामुळे कोण चांगला कोण वाईट हे सांगणार नाही. पण हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत एवढं मात्र तुमच्या मेसेजवरूनच दिसतंय, आणि ते एका रेषेत आणले की फरक 22 हजारांचा राहतच नाही. कसं ते करून दाखवतो, जरा लांब होईल, पण शांतपणे वाचा, कागद पेन घेऊन बसलात तर अजून चांगलं.

आधी सीएफटी म्हणजे काय ते. क्युबिक फूट, म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं फुटात. घरसामानाच्या धंद्यात वजनाला फारसं महत्त्व नाही कारण सोफा, गाद्या, कपाट ही सगळी हलकी पण जागा खाणारी वस्तू असतात, गाडी वजनाने भरायच्या खूप आधी जागेने भरते. म्हणून कोटेशनचा पाया सीएफटी असतो आणि तो आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं. तुमच्या पहिल्या कोटेशनवर जे 400 सीएफटीपर्यंत लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच की 24 हजारात 400 क्युबिक फूट माल नेणार, त्यापुढे जे होईल त्याचे पैसे वेगळे. 24,000 भागिले 400, म्हणजे 60 रुपये सीएफटी हा त्याचा खरा रेट.

आता तुमचं सामान मोजू. मी तुमचं घर बघितलेलं नाही, पण या वस्तूंची मापं बऱ्यापैकी ठरलेली असतात. बॉक्सवाला क्वीन बेड उघडून, फळ्या एकावर एक ठेवून साधारण 40. दिवाण 20. दोन गाद्या मिळून 26. सोफा मात्र उघडत नाही, तो जसा आहे तसाच जातो, तिघांचा साडेसहा बाय तीन बाय तीन म्हणजे 58, आणि दोन सिंगल 27-27 चे, म्हणजे सोफा सेटच 112. लोखंडी कपाट 31, फ्रिज पॅकिंगसकट 25, वॉशिंग मशीन 14. डायनिंगचे पाय काढले आणि खुर्च्या एकात एक घातल्या तर 34. टीव्ही 5, एसीचं आतलं-बाहेरचं युनिट मिळून 12, टेबल-खुर्ची 25. ऍक्टिव्हा 50. आता खोकी. भांडी, कपडे, पुस्तकं, देवघर, मुलांचं सामान धरून टू बीएचकेला 45 च्या आसपास खोकी होतातच, दीड फुटी चौकोनी खोकं 3.4 सीएफटीचं, म्हणजे 153. आणि जे कुणी यादीत लिहीत नाही ते, म्हणजे सुटकेसेस, शिडी, सायकल, कुंड्या, बादल्या, पोळपाट-लाटण्यापासून इस्त्रीच्या टेबलापर्यंतचं सुटं सामान, त्याला 40 धरा. बेरीज 587. चला 590 म्हणू.

म्हणजे दुसऱ्याचा घरी येऊन गेलेला माणूस बरोबर आहे, त्याचे 540 आणि ऍक्टिव्हाचे 50, तेवढेच होतात. आणि पहिल्याचे 400 कुठून आले? फोनवर "टू बीएचके" ऐकून आले. टू बीएचके हे घराचं माप आहे, सामानाचं नाही. मी असं टू बीएचके बघितलंय ज्यात दोन बॅचलर मुलं राहत होती आणि सगळं मिळून 150 सीएफटी निघालं, आणि असंही बघितलंय की सासूबाईंचं सागवानी कपाट, पितळेची भांडी आणि माळ्यावरचा वीस वर्षांचा साठा धरून 900 च्या वर गेलं.

आता हे गाडीला लावून बघू. 14 फुटी गाडीचा हौदा धरा 14 बाय 6 बाय 6, म्हणजे 504 सीएफटी. 17 फुटी धरा 17 बाय 6 बाय 7, म्हणजे 714. कंपनी, बॉडी, मॉडेलप्रमाणे थोडं इकडे तिकडे होतं, म्हणून गाडीचं आतलं माप विचारूनच घ्या. पण गाडी कधीच शंभर टक्के भरत नाही, सोफ्याच्या हातांच्या मध्ये, स्कूटरच्या आजूबाजूला, फ्रिजच्या वर मोकळी जागा राहतेच. चांगला लोडर 85 टक्के भरतो. 504 चे 85 टक्के म्हणजे 428, आणि 714 चे 607. तुमचं सामान 590. म्हणजे 14 फुटीत ते बसत नाही, कितीही ढकललं तरी नाही, आणि 17 फुटीत अगदी जेमतेम बसतं.

हे एकदा समजलं की शिफ्टिंगच्या दिवशी काय होणार तेही दिसतं. सकाळी गाडी येते, दुपारी तीनपर्यंत गाडी भरते आणि सोफा, दिवाण, दहा बारा खोकी पार्किंगमध्ये उभी. घरमालकाला चावी द्यायची आहे, तुमचं रात्रीचं तिकीट आहे, आणि तेव्हा सुपरवायझर म्हणतो मॅडम सामान जास्त आहे, अजून पंधरा हजार द्या नाहीतर उतरवतो. प्रत्येकजण ठरवून फसवतो असं नाही, काही वेळा सेल्सवाल्याने खरंच न बघता आकडा दिलेला असतो, पण तुमच्यासाठी परिणाम तोच. म्हणून माझं पहिलं म्हणणं, ज्याने घर किंवा निदान व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली, माळा आणि बाल्कनी बघितली नाही त्याचं कोटेशन हे कोटेशन नाही, तो अंदाज आहे. तिघांनाही एकच यादी पाठवा, खोक्यांच्या संख्येसकट, आणि लिहून मागा की या यादीसाठी एवढे सीएफटी, ही गाडी, ही अंतिम रक्कम, यादीबाहेरचं काही निघालं तर एवढा रेट.

आता अंतर. पुणे बेंगळुरू सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत साधारण 840 किलोमीटर. लोक अंतराला किलोमीटरच्या रेटने भागायला जातात आणि तिथे गोंधळ होतो. घर पॅक करणं, चार पाच माणसं, साहित्य, चढवणं, उतरवणं याचा खर्च कोथरूडहून हडपसरला गेलात तरी जवळपास तेवढाच लागतो. अंतराने वाढतं ते डिझेल, टोल, ड्रायव्हरचे दिवस आणि गाडी परत कशी येणार ते. एक ढोबळ हिशोब करून बघा, भरलेली 17 फुटी गाडी लिटरला आठेक किलोमीटर देते असं धरलं तर 840 ला 105 लिटर, लिटरला नव्वदच्या आसपास धरलं तर साडेनऊ हजार नुसतं डिझेल, एका बाजूचं. त्यावर टोल, ड्रायव्हर, गाडीचं भाडं, दोन्हीकडची माणसं आणि पॅकिंगचं साहित्य. 24 हजारात यातलं सगळं आणि पूर्ण गाडी बसत नाही, म्हणजे तो पार्ट लोड करणार हे न सांगताच कळतं.

पार्ट लोड वाईट नसतो, पण तो काय आहे ते समजून घ्या. तुमचं सामान छोट्या गाडीतून त्यांच्या गोडाऊनला जातं, बेंगळुरूला जाणारं अजून दोन तीन घरांचं सामान जमेपर्यंत थांबतं, मग मोठ्या कंटेनरमध्ये एकत्र चढतं, तिकडे पुन्हा गोडाऊनला उतरतं आणि छोट्या गाडीने घरी येतं. पूर्ण गाडीत तुमचा सोफा दोनदा हाताळला जातो, एकदा चढवताना एकदा उतरवताना. पार्ट लोडमध्ये तो सहा वेळा हाताळला जातो, आणि तुटफूट रस्त्यावर कमी आणि हाताळण्यात जास्त होते हे मी सतरा वर्षं बघतोय. दिवसही बघा, पूर्ण गाडी रात्री निघाली तर परवापर्यंत व्हाईटफील्डला असते, पार्ट लोडला आठ दहा दिवस सहज लागतात. तुमच्याकडे लहान मूल असेल तर हे दहा दिवस बाहेरचं खाणं, गादी भाड्याने, हा सगळा खर्चच आहे, तो कोटेशनमध्ये दिसत नाही एवढंच. दुसऱ्याने सीएफटीवर रेट दिलाय म्हणजे तोही बहुतेक पार्ट लोडच असणार, त्यालाही सरळ विचारा, गाडी बदलणार का, किती वेळा, आणि कुठल्या तारखेपर्यंत देणार.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे. बेंगळुरूहून पुण्या-मुंबईकडे परतीचा माल भरपूर मिळतो, म्हणून गाडीवाला येण्याजाण्याचे दोन्ही पैसे तुमच्यावर टाकत नाही. हेच शिफ्टिंग तळकोकणातल्या एखाद्या गावात असतं तर अंतर निम्म्याहून कमी असूनही भाडं तितकं उतरलं नसतं, कारण गाडी रिकामी परत येते. तारखेत दोन चार दिवस मागेपुढे चालत असेल तर तेही सांगून बघा, महिनाअखेर आणि मे-जून सोडला की रेट खाली येतात.

कोटेशनमध्ये जकात, एंट्री टॅक्स, चेकपोस्ट चार्ज असलं काही दिसलं तर ते काढायला लावा. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून हे प्रकार संपलेत. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही लागत नाही, नियमातच सूट आहे, फक्त ड्रायव्हरजवळ तुमच्या सामानाची सही केलेली यादी आणि बिल्टी, म्हणजे माल नेण्यासाठी ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती, हवी.

मटेरियलचं बोलू. तुमच्या मेसेजमध्ये पॅकिंगबद्दल एक शब्द नाही, म्हणजे तिघांनीही "सगळं पॅकिंग इन्क्लुडेड" एवढंच म्हटलं असणार, आणि खर्च वाचवायची सगळ्यात सोपी जागा तीच आहे कारण ती गिऱ्हाईकाला दिसत नाही. स्ट्रेच फिल्म म्हणजे ती पातळ पारदर्शक पट्टी गुंडाळली की वस्तू पॅक झाल्यासारखी दिसते, पण ती फक्त धूळ आणि ओरखड्यापासून वाचवते, धक्क्यापासून अजिबात नाही. फ्रिजला आधी बबल किंवा फोम शीट, त्यावर करोगेटेड रोल म्हणजे पन्हाळीचा पुठ्ठा, कोपऱ्यांना कॉर्नर आणि सगळ्यात वर स्ट्रेच फिल्म, हा क्रम. यातला पुठ्ठा गेला की किंमत बरीच उतरते, आणि गाडीत लोखंडी कपाट घासलं की फ्रिजच्या दाराला पोचा येतो. टीव्हीला शक्य असेल तर मूळ खोकं, नाहीतर लाकडी क्रेट, आणि तो उभाच गेला पाहिजे.

खोकी किती प्लायची ते विचारा आणि विश्वास ठेवू नका, बघा. खोक्याची कापलेली कड डोळ्यासमोर धरा, आत एक लाट दिसली तर तीन प्लाय, दोन लाटा दिसल्या तर पाच प्लाय. भांड्यांना आणि पुस्तकांना पाच प्लायच हवीत, कपड्यांना तीन चालतात. वापरलेली खोकी कोरड्या कपड्यांना ठीक आहेत, पण ज्याच्या कडा मऊ पडल्यात त्यात काचसामान घालू देऊ नका, खालच्या थरात ते दबतं आणि वरचं सगळं त्याच्यावर बसतं. पुस्तकं छोट्या खोक्यात, वीसेक किलोच्या वर नाही, नाहीतर उचलताना तळ निघतो. पावसाळ्यात जात असाल तर ताडपत्रीची उघडी गाडी नको, बंद बॉडीचीच मागा, आणि लाकडावर थेट प्लास्टिक गुंडाळू देऊ नका, आत घाम धरून पॉलिश पांढरं पडतं, आधी कागद किंवा फोम. तर कोटेशनमध्ये "पॅकिंग इन्क्लुडेड" च्या ऐवजी लिहून घ्या, पाच प्लाय नवी खोकी इतकी, फ्रिज मशीन कपाट सोफा यांना पुठ्ठ्याचा थर, टीव्हीला क्रेट. आणि नेमकं हेच पुढे विम्याला जाऊन भिडतं, कारण पॅकिंग अपुरं होतं म्हणून नुकसान झालं असं ठरलं तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते, ती अट पॉलिसीत असतेच.

आता विमा. इथे मला जरा मनापासून सांगायचंय कारण याच ठिकाणी लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान झालेलं मी बघितलंय. मी नवीन असताना ज्यांच्याकडे कामाला होतो तिथे प्रत्येक गिऱ्हाईकाकडून त्याने सामानाची जी किंमत सांगितली तिच्या 3 टक्के इन्शुरन्स म्हणून घेत. मीच पावत्या लिहायचो. एकदा खंबाटकी घाटात आमची गाडी उलटली, साताऱ्याच्या पुढे निघालेल्या एका बँकेतल्या साहेबांचं सगळं घर होतं तिच्यात. मी ऑफिसला पॉलिसीचा कागद मागितला तेव्हा कळलं पॉलिसी काढलेलीच नव्हती, ते 3 टक्के मालकाच्याच गल्ल्यात जायचे, काही तुटलं तर जमेल तसं थोडंफार द्यायचं अशी पद्धत. त्या कुटुंबाला खूप भांडून थोडेसे पैसे मिळाले. त्या बाईंचा चेहरा मला आजही आठवतो, कारण पावतीवर अक्षर माझं होतं. त्यानंतर महिन्याभरात मी ते काम सोडलं.

तर फरक असा. विमा हा फक्त विमा कंपनी देते. पॅकर्सवाला स्वतःच्या लेटरहेडवर "रिस्क कव्हर", "एफओव्ही", "ट्रान्झिट प्रोटेक्शन" असं लिहून पैसे घेतो ते त्याचं स्वतःचं आश्वासन आहे, विमा नाही. खरा विमा असेल तर तुमच्या नावाने सर्टिफिकेट येतं, त्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, विम्याची रक्कम, कुठून कुठे, आणि बिल्टीचा किंवा गाडीचा नंबर. हे गाडी सुटायच्या आधी तुमच्या हातात हवं, आणि पॉलिसी नंबर विमा कंपनीला फोन करून तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

सर्टिफिकेटवर कुठलं कलम आहे ते शोधा. इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए, बी किंवा सी असं लिहिलेलं असतं. सी म्हणजे फक्त आग आणि वीज. बी मध्ये त्याशिवाय गाडीची टक्कर, गाडी उलटणं, पूल कोसळणं असे अपघात येतात, पण चढवता उतरवताना कपाट आपटलं, टीव्ही फुटला, खोकं चोरीला गेलं हे येत नाही. ए मध्ये काही ठरावीक अपवाद सोडून सगळं येतं. घरसामानाला उपयोगाचा ए च, कारण अपघात क्वचित होतात आणि फुटणं हरवणं रोजचं आहे. स्वस्तातला विमा बहुतेक वेळा बी निघतो. ए मध्येही दागिने, रोकड, कागदपत्रं नसतात, तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यांचं आतलं सामान बऱ्याचदा वगळलेलं असतं, आणि बाहेरून ओरखडाही नाही पण मशीन चालू होत नाही अशी तक्रार बहुतेक चालत नाही.

दुसरी गोष्ट, किंमत. प्रीमियम वाचवायला लोक पाच लाखांच्या सामानाला दोन लाख लिहितात. मग 40 हजारांचा टीव्ही फुटला की वाटतं दोन लाखांच्या आतच आहे, मिळेल. तसं होत नाही. तुम्ही 40 टक्केच विमा घेतला म्हणून कंपनी नुकसानाचेही 40 टक्केच धरते, म्हणजे 16 हजार, त्यातून पॉलिसीत तुम्ही स्वतः सोसायचा म्हणून ठरलेला वाटा वजा. म्हणून वस्तूनिहाय यादी करा, आजच्या वापरलेल्या अवस्थेतली खरी किंमत लिहा, फुगवूही नका.

चला, आता तिन्ही एका रेषेत आणू. समजा सामान 590 सीएफटी, किंमत पाच लाख, जीएसटी तिघांचंही 18 टक्के.

पहिला, 24,000 आणि वरच्या 190 सीएफटीचे त्याच्याच 60 च्या रेटने 11,400, झाले 35,400. जीएसटी 6,372, म्हणजे 41,772. त्यावर विमा, पाच लाखांचे 3 टक्के म्हणजे 15,000. एकूण 56,772, आणि तो विमा खरा आहे की नाही माहीत नाही.

दुसरा, 38,500 आणि ऍक्टिव्हाचे 4,500, झाले 43,000. जीएसटी 7,740, म्हणजे 50,740. विमा दीड टक्का 7,500. एकूण 58,240.

तिसरा, 46,000, जीएसटी 8,280, म्हणजे 54,280. "फ्री इन्शुरन्स" ला मी शून्य धरतो जोपर्यंत सर्टिफिकेट दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्यासारखाच विमा बाहेरून घ्यावा लागला असं धरून 7,500 टाकू. एकूण 61,780, पण गाडी पूर्ण तुमची आणि सामान दोनदाच हाताळलं जाणार.

बघा, 22 हजारांचा फरक पाच हजारांवर आला. आणि त्या पाच हजारात पहिला आणि तिसरा यांच्यात चार जादा हाताळण्या आणि आठवडाभराचा वेळ आहे. मी तुमच्या जागी असतो तर पहिला सोडून दिला असता, तिसऱ्याला विचारलं असतं की विम्याचं सर्टिफिकेट ए क्लॉजचं माझ्या नावाने देतोस का, आणि तो हो म्हणाला आणि खरंच दिलं तर त्याला काम दिलं असतं. नाही म्हणाला आणि तुम्हाला दहा दिवस चालत असतील तर दुसरा, तो निदान मोजमाप खरं करतोय.

त्याआधी अजून एक हिशोब करा, जो कुठलाच सेल्सवाला तुम्हाला सांगणार नाही. तुमचा सोफा सेट 112 सीएफटी आहे. दुसऱ्याचा रेट 38,500 भागिले 540, म्हणजे सुमारे 71 रुपये. सोफा बेंगळुरूला न्यायला 7,952, जीएसटी धरून 9,383. सोफा सात आठ वर्षं जुना असेल तर इथेच विकून किंवा कुणाला देऊन टाका, तिकडे नवा किंवा जुना घ्या. सोफा आणि दिवाण दोन्ही गेले तर सामान 458 वर येतं, आणि ऍक्टिव्हाही वेगळी पाठवली तर 408, जे 14 फुटी गाडीच्या 428 मध्ये बसतं. म्हणजे तिसऱ्यालाच 14 फुटी पूर्ण गाडीचा भाव विचारता येतो, आणि पूर्ण गाडीत छोटी गाडी म्हणजे थेट भाड्यातच फरक. ऍक्टिव्हा रेल्वे पार्सलनेही जाते, पेट्रोल काढून आणि नीट गुंडाळून द्यावी लागते. उलट लोखंडी कपाट फक्त 31 सीएफटी आहे आणि आयुष्यभर टिकतं, ते आणि गाद्या नेऊन टाका.

कागदांचं थोडक्यात. कोटेशनवर जीएसटी नंबर हवा, 15 अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर 27 ने सुरू होणारा, तो gst.gov.in वर टाकून नाव जुळतं का बघा. ज्या नावाने कोटेशन त्याच नावाच्या खात्यात पैसे, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. आधी 10 टक्के, गाडी भरल्यावर मोठा हिस्सा, आणि निदान पाव भाग उतरवून झाल्यावर, असं लेखी ठरवा. आणि दोन्हीकडचा मजला, लिफ्ट सामानाला वापरता येते का, मोठी गाडी गेटपर्यंत येते का हे लिहून घ्या. कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांत आणि व्हाईटफील्डच्या मोठ्या सोसायट्यांत 17 फुटी गाडी बाहेरच थांबली की छोट्या टेम्पोचे पैसे मागतात, सोसायटीत सामान आणायची वेळही ठरलेली असते, दोन्हीकडे आधी विचारा.

निघायच्या आदल्या दिवशी फ्रिज रिकामा करून बंद करून दार उघडं ठेवा, पाणी निघून जाईल. वॉशिंग मशीन फ्रंट लोड असेल तर मागे ड्रम अडकवायचे ट्रान्झिट बोल्ट लागतात, घेतलं तेव्हा मिळाले होते, शोधून ठेवा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा. ते न लावता 840 किलोमीटर गेलं तर ड्रमचं सस्पेन्शन जाऊ शकतं, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि त्याचा विमा बहुतेक मिळत नाही हे वर सांगितलंच. चढवताना प्रत्येक खोक्यावर नंबर, यादीवर तोच नंबर, आणि टीव्ही फ्रिज चालू असल्याचा छोटा व्हिडिओ तारखेसकट. यादीवर सुपरवायझर प्रत्येक वस्तूपुढे "जुने ओरखडे" असं सरसकट लिहितो, ते वाचल्याशिवाय सही करू नका, जिथे ओरखडा नाही तिथे खोडायला लावा.

उतरवताना नंबर मोजा, आणि काही फुटलेलं, ओलं किंवा कमी दिसलं तर बिल्टीच्या कॉपीवर तिथल्या तिथे तसं लिहून मगच सही करा. ड्रायव्हर म्हणेल नुसती सही करा, ऑफिसला बोला, पण "माल सुस्थितीत मिळाला" वर सही झाली की पुढे तुमच्या हातात काही राहत नाही. फुटलेली वस्तू आणि तिचं पॅकिंग विमा कंपनीचा सर्व्हेअर बघेपर्यंत फेकू नका, दुरुस्तीही करू नका. विमा कंपनीला त्याच दिवशी मेल करा. आणि ट्रान्सपोर्टवाल्याला वेगळी लेखी नोटीस पाठवा, कॅरेज बाय रोड ऍक्ट 2007 नुसार ती बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत गेली पाहिजे, नाहीतर कोर्टात जाता येत नाही. लोक तोंडी आश्वासनांवर आज देतो उद्या देतो करत सहा महिने घालवतात आणि तिथेच अडकतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात पाठवा, स्पीड पोस्टाने. तरी ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

तिघांची सुधारलेली कोटेशन्स आली की आकडे इथेच टाका, सोफ्याचं काय ठरवलं तेही लिहा, मी बघून सांगतो.